प्रस्तावनेवरून लिहिलेलं परीक्षण

नेरच्या कॉलेजात एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला अकरा मुलं होती आणि त्यांतली सात नियमित येत. त्या सोमवारी दीपा त्यांना ग्रंथपरीक्षण शिकवत होती. बाबा जाऊन तीन महिने झाले होते. शिकवताना तेवढा पाऊण तास बरा जाई.

“परीक्षण वाचणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं नसतं,” ती म्हणाली. “म्हणून पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगावंच लागतं. लेखक कोण, विषय काय, आणि त्याचा मुख्य दावा काय. पण तेवढ्यावर थांबलात तर तो नुसता परिचय झाला. दावा कशावर उभा आहे, पुरावे कुठले, ते पुरतात का, या विषयावर आधी जे लिहिलं गेलंय त्यात यानं काय भर घातली, कुठे कमी पडलं, हे सांगायला आपण बसलेलो असतो. मी स्वतः सारांशाला एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा देत नाही.”

“आणि पुस्तक आवडलंच नाही तर?” उर्वशीनं विचारलं.

“आवडण्याचा प्रश्न नाही. लेखकानं जे करायचं ठरवलं, ते त्याला जमलं का, ते बघायचं. त्यानं जे लिहायचं ठरवलंच नव्हतं त्यासाठी त्याला झोडपायचं नाही.”

नमुना म्हणून तिनं स्वतःच्याच परीक्षणाच्या झेरॉक्स वाटल्या. एका त्रैमासिकाच्या एप्रिलच्या अंकात आलेलं ते परीक्षण होतं. पुस्तकाचं नाव ‘गोणीपासून नांगरापर्यंत’, लेखक पूनमसिंग राठोड, निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारी माणसं तांड्यात स्थिरावून शेतकरी कशी झाली, त्याचा तो इतिहास होता. नमुना म्हणून आपलंच लेखन का दिलं, असं नंतर तिनं स्वतःला बरेचदा विचारलं. छापलेलं ते एकच हाताशी होतं, हे एक कारण. आणि ते आपण कसं लिहिलं हे ती स्वतःच विसरली होती, हे दुसरं.

मुलं वाचत होती. मागच्या बाकावरची बबिता हात वर न करता म्हणाली, “मॅडम, पाचव्या प्रकरणात असं नाहीये.”

“कसं नाहीये?”

“तुम्ही लिहिलंय की रेल्वे आली, बैलांचा धंदा बसला, आणि म्हणून लोक शेतीकडे वळले. आजोबांनी त्याच्या उलटं लिहिलंय. रेल्वेच्या आधी एक पिढी आमच्या तांड्यात शेती होती. शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत ना त्यात.” मग तिनं कागद पुन्हा पाहिला. “हे आहे प्रस्तावनेत. ती आजोबांची नाही. विद्यापीठातल्या मोठ्या सरांची आहे.”

पूनमसिंग बबिताचे आजोबा असतील हे दीपाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. अर्ध्या जिल्ह्याचं आडनाव राठोड.

“आणि हे सगळं ‘पहिल्या प्रकरणात’, ‘दुसऱ्या प्रकरणात’ असंच चाललंय,” उर्वशी कागदावर बोट फिरवत म्हणाली. “मत शेवटी आहे. ‘मुखपृष्ठ समर्पक असून ग्रंथ संग्राह्य आहे.’ मॅडम, हा एक तृतीयांश कुठला?”

कोणीतरी खुदकन हसलं. नयन पहिल्या बाकावरून मागे वळला. “काहून छळून राह्यल्या बे मॅडमले? तवा त्यांचे बाबा दवाखान्यात होते.”

बबितानं “सॉरी मॅडम” म्हटलं आणि मान खाली घातली.

दीपानं तेव्हा नुसतं नाही म्हणायला हवं होतं. परीक्षण तिनं जानेवारीत लिहिलं होतं. त्या जानेवारीत बाबा बाभुळगावच्या घरी ठणठणीत होते, रोज सकाळी तीन किलोमीटर चालत होते. झटका आला तो मे महिन्यात. तिनं नाही म्हटलं नाही. तिनं हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि फळा पुसायला वळली.

घरी येऊन तिनं पुस्तक काढलं. दोनशे चाळीस पानं. जानेवारीत तिनं प्रस्तावना वाचली होती, अनुक्रमणिका पाहिली होती, शेवटचं प्रकरण चाळलं होतं आणि एका रविवारी दुपारी परीक्षण लिहून टाकलं होतं. पदोन्नतीच्या फाईलला एक छापील लेखन हवं होतं. प्रस्तावनेत सरांनी प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा दिलाच होता. त्यांनी स्वतः पुस्तक किती वाचलं होतं, हे आता पाचवं प्रकरण वाचताना कळत होतं. सगळे म्हणतात तेच त्यांनी म्हटलं होतं, आणि पूनमसिंगांनी नेमकं तेच खोडून काढलं होतं. एका खेड्यातल्या शिक्षकानं पावत्या गोळा करून एवढं धाडस केलं होतं, आणि ते पुस्तकात कुठे आहे हे वाचकाला सांगणं, एवढंच तिचं काम होतं.

वाचता वाचता तिला एप्रिल आठवला. बाबा आठवडाभर नेरला राहायला आले होते. देवराव कांबळे म्हणजे आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस, हाताला लागेल ते पुस्तक वाचणार. गॅलरीत बसून त्यांनी हेही वाचलं होतं. मग अंक मागून घेऊन तिचं परीक्षण वाचलं होतं.

“पाचवं प्रकरण कसं वाटलं तुले?” त्यांनी विचारलं होतं.

“चांगलं आहे, बाबा.”

ते तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले होते. मग म्हणाले होते, “चहा ठेवतं का?”

दीपानं दोन दिवसांत पुस्तक दोनदा वाचून संपवलं. गुरुवारी तिनं बबिताला गाठलं आणि आजोबांना भेटायचंय म्हणून सांगितलं. शुक्रवारी दुपारी दोघी एसटीनं तांड्याच्या फाट्यावर उतरल्या.

पूनमसिंग पंच्याहत्तरीचे होते. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजेवर बसले. भिंतीवर देवांच्या फोटोंच्या रांगेत, शेवटी, तिचं परीक्षण होतं. लॅमिनेट केलेलं.

“मॅडम, मी तुमच्याकडं येणारच होतो,” ते म्हणाले. “पण तुमचे बाबा गेले असं कळलं. लय वाईट झालं. मले त्यांची चिठ्ठी आलती.”

“कोणाची?”

“तुमच्या बाबाची. तुम्हाले नाही माहीत?”

त्यांनी आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. पाच कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले, बाबांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर, वर तारीख दोन मे. ‘माझ्या मुलीने आपल्या ग्रंथाचा परिचय करून दिलाच आहे. त्रैमासिकात जागा अपुरी असते, त्यामुळे गुणदोषांची चर्चा राहून गेली असावी. ती मी एक वाचक या नात्याने करतो.’ पुढे पाचव्या प्रकरणावर तीन पानं होती. कुठली पावती कशासाठी पुरते आणि कशासाठी पुरत नाही, ते मुद्देसूद लिहिलं होतं.

दीपानं पहिलं पान वाचलं, पुढची चाळली आणि कागद घडी घालून मांडीवर ठेवले. बाबांना कळलं होतं. तिला एका शब्दानं न बोलता त्यांनी तिचं राहिलेलं काम केलं होतं, आणि वर जागेचं कारण देऊन तिला झाकून घेतलं होतं. डोळ्यांत पाणी यावं असं तिला वाटलं, पण आलं नाही. कानशिलं तेवढी तापली.

“दुसरी आवृत्ती काढून राह्यलो,” पूनमसिंग म्हणाले. “मी म्हणतो, तुमचं अन् बाबाचं, दोन्ही मिळून मागं छापू. दोघांच्या नावानं. अन् ते रेल्वेचं तेवढं दुरुस्त करून घ्या. तुम्ही तरी काय करान, बाबा बिमार असतीन तवा.”

बबिता दारातच उभी होती.

“नाही, गुरुजी,” दीपा म्हणाली. “बाबा तेव्हा चांगले होते. मी तुमचं पुस्तक वाचलं नव्हतं. प्रस्तावना वाचून लिहिलं.”

पूनमसिंगांनी भिंतीकडे पाहिलं, मग पायाकडे. बाहेर शेळी ओरडत होती.

“ती प्रस्तावना चूक हाय, हे मले छापाच्या आधीच समजलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “पण एवढ्या मोठ्या माणसाले कसं सांगावं? म्हटलं, वाचणारा वाचीन अन् त्याले फरक समजंन.” मग ते म्हणाले, “म्हणजे वाचलं ते तुमच्या बाबानंच.”

“हो.”

“अन् आता तरी वाचलं का?”

“दोनदा.”

“मंग सांगा. काय चुकलं त्यात?” आवाजात राग होता. परीक्षेला बसवल्यासारखं त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. पावत्यांचा पुरावा पक्का आहे, आणि रेल्वेची सरसकट गोष्ट त्यानं निदान या एका तांड्यापुरती तरी मोडते. पण पावत्या एकाच गावच्या आहेत, आणि शेवटच्या प्रकरणात गुरुजी साऱ्या जिल्ह्याबद्दल बोलतात. ती उडी मोठी आहे. दुसरं म्हणजे एकवीस मुलाखती आहेत आणि एकवीसही पुरुषांच्या. शेती सुरू झाली तेव्हा निंदायला कोण गेलं, बी कोणी राखलं, हे पुस्तकात नाही.

“तवाच्या बाया आता जिवंत कुठं हायेत?” पूनमसिंग उसळले. “अन् ज्या हायेत त्या सांगत नाहीत काही.”

“विचारलं कोणी?” आतून आवाज आला. रुपीबाई, त्यांची बायको, चहाचे कप घेऊन बाहेर आली. “बारा वर्सं लिहून राह्यले. गावोगाव गेले टेप घेऊन. माझी सासू याच बाजीवर बसून राहे. तिले नाही विचारलं, मले नाही विचारलं. घ्या मॅडम, साखर कमी हाय.”

बबिता हसली. पूनमसिंग हसले नाहीत. त्यांनी कप घेतला आणि म्हणाले, “एका गावावरून जिल्हा, हे तुमच्या बाबानंही लिहिलं हाय. बायांचं नाही लिहिलं.”

निघताना दीपानं चिठ्ठी त्यांना परत दिली. छापायची तर बाबांच्या एकट्याच्या नावानं छापा, माझं काही छापू नका, असं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फाट्यापर्यंत ते सोडायला आले नाहीत. बबिता आली.

शनिवारी तिनं संपादकांना पत्र पाठवलं. पाचव्या प्रकरणाचा सारांश चुकीचा आहे, तो ग्रंथावरून नव्हे तर प्रस्तावनेवरून लिहिला होता, आणि संपूर्ण ग्रंथ न वाचता परीक्षण केलं होतं. तीन वाक्यं. नवं परीक्षण लिहून देण्याची परवानगी तिनं शेवटी मागितली. संपादकांचा फोन लगेच आला. सभ्य माणूस. पुढच्या अंकात खुलासा छापू, म्हणाले. परीक्षण मात्र आता दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं लागेल, तुम्ही समजू शकता. तिनं समजू शकते म्हटलं. तांड्यात बोललेली सगळी वाक्यं तिच्या डोक्यात ओळीनं तयार होती, आणि ती आता कुठेच छापली जाणार नव्हती.

सोमवारी सातही मुलं आली होती. दीपानं हजेरी घेतली आणि उभ्या उभ्याच सांगितलं की मागच्या वेळी नयन जे म्हणाला ते खरं नव्हतं, बाबा जानेवारीत आजारी नव्हते, आणि तरी आपण मान हलवली. पुस्तक वाचलं नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना ती कोणाकडेच पाहत नव्हती, टेबलावरच्या डस्टरकडे पाहत होती.

नयन वहीत काहीतरी गिरवत राहिला. या वेळी तिच्या बाजूनं कोणी बोललं नाही.

“मागच्या वेळच्या झेरॉक्स बाहेर काढा,” ती म्हणाली. “पहिल्या परिच्छेदापासून बघू. यात कुठलं वाक्य पुस्तक न वाचता लिहिता येतं, त्याच्याखाली रेघ मारा.”

पेनं निघाली. खोलीत बराच वेळ रेघा मारल्याचाच आवाज येत राहिला.