शून्यावरची रेघ

एम.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला नम्रता कांबळे दारातच अडली. प्रयोगशाळेतले मदतनीस संपतराव काचेची भांडी पुसत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी विद्यार्थिनी आहे."

संपतरावांनी आता नीट पाहिलं. "असं होय. मग ॲप्रन घाला. विद्यार्थ्यांना ॲप्रन लागतो."

नम्रता सत्तेचाळीस वर्षांची होती. बी.एस्सी. झाल्यावर तिनं पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये नऊ वर्षं काम केलं होतं. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि नोकरी सुटली ती सुटलीच. यंदा मुलगी शिकायला नागपूरला गेली. विश्रांतवाडीच्या घरात दुपारी फक्त पंख्याचा आवाज उरला, तेव्हा नवराच म्हणाला, "तुझं एम.एस्सी. राहिलंय ना?" आनंद खराडीला एका कंपनीत सुरक्षा विभागात होता. कमी बोलायचा, पण बोलायचा ते मनापासून.

वर्गात सगळी बाविशीतली मुलं. नम्रता पहिल्या बाकावर बसायची आणि घरी आल्यावर टिपणं पुन्हा पुन्हा वाचायची. पिवळ्या पेननं ओळी रंगवायची. वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, जुन्या शेजाऱ्यांचे चेहरे दिसावेत तसं. पहिल्या चाचणीत मात्र कागदावर काहीच उतरेना. लॉगॅरिदमचं साधं गणित समोर होतं आणि हात थबकला होता. तिला तीसपैकी आठ गुण मिळाले.

"डोकं गंजलंय माझं," त्या संध्याकाळी ती आनंदला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जाऊन नाव काढून घेते."

"काढ," आनंद म्हणाला. "पण नेमकं काय गंजलंय, ते तरी बघून घे. सगळंच्या सगळं कसं गंजेल?"

तिला राग आला. पण प्रश्न डोक्यात राहिला.

गुरुवारी प्रॅक्टिकल होतं: बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजायचा. नळीसारख्या लांब काचेच्या ब्युरेटमधून ईडीटीएचं, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं, द्रावण थेंब थेंब पाण्यात सोडायचं. सूचक रंग घातल्यामुळे पाणी लालसर जांभळं असतं, ते निळं झालं की थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते वाचायचं. हे काम तिच्या हाताला माहीत होतं. फ्लास्क गोल फिरवत एकेक थेंब सोडताना तिला खूप दिवसांनी बरं वाटलं.

पहिलं रीडिंग आलं ११.० मिली. ब्युरेटमध्ये द्रावण उरलं होतं, म्हणून तिथूनच पुढे दुसरं घेतलं. ११.२ आलं. ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरून तिसरं घेतलं, तर परत ११.०. शेजारच्या दीपालीची तिन्ही रीडिंग ११.२ होती.

"काकू, ११.२ लिहा ना सगळीकडे," दीपाली हळूच म्हणाली. "कोण बघतंय?"

नम्रतानं पेन उचललं. इतक्या वर्षांच्या खंडानंतर आपण चुकणारच, असं म्हणून खोडता आलं असतं. पण तिची नजर त्या दोन आकड्यांवर अडली. ११.० दोनदा आलं होतं, तेही अगदी सारखं. गंजलेला हात असता तर आकडे कसेही पडले असते.

तिनं मधूनच सुरू करून चौथं रीडिंग घेतलं. ११.२.

"दीपाली, शून्यापासून सुरू केलं की कमी येतं. मधून सुरू केलं की तुझ्याइतकं. असं का?"

दीपालीला आता मजा वाटायला लागली. "म्हणजे गोंधळ शून्यावर आहे?"

"मी शून्य लावते. तू फक्त वाच."

नम्रतानं ब्युरेट भरला, मान मागे टाकली आणि चष्म्याच्या खालच्या भागातून बघत द्रावणाची कड शून्याच्या रेघेवर आणली. रेघ अगदी स्वच्छ दिसत होती. उंच दीपालीनं जवळ येऊन समोरून पाहिलं. "काकू, हे रेघेच्या वर आहे. चांगलं दोन घरांइतकं वर."

नम्रता स्टुलावर चढली. डोळे रेघेच्या पातळीत आल्यावर तिलाही ते दिसलं. शून्याची रेघ तिच्या डोक्याच्या वर होती. खालून तिरकं पाहिलं की कड आहे त्यापेक्षा खाली भासत होती, म्हणून ती दर वेळी द्रावण जास्त ठेवत होती आणि ते जास्तीचं द्रावण मोजणीतून सुटत होतं. मधल्या रेघा मात्र तिच्या डोळ्यांसमोर होत्या. तिथं चूक होतच नव्हती.

"पण लॅबमध्ये नऊ वर्षं असं कधी झालं नाही," ती पुटपुटली. मग तिला हसू आलं. त्या लॅबमध्ये आपोआप शून्यावर येणारे ब्युरेट होते. शून्य लावायची वेळच कधी आली नव्हती! जे ती विसरले म्हणत होती, ते कॉलेज सुटल्यापासून तिनं केलंच नव्हतं. आणि त्या काळी चाळिशीचा चष्माही नव्हता.

त्यांना शिकवणाऱ्या हेमा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. नम्रतापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असतील. त्यांनी चारही आकडे पाहिले. "खोडू नका. चारही लिहा आणि का वेगळे आले तेही लिहा. आता सांगा, पीएच स्थिर ठेवणारं बफर घालून तो दहाच का ठेवला?"

नम्रताला येत नव्हतं. आठवड्यापूर्वी ती खाली बघत राहिली असती. "नाही येत," ती म्हणाली. "कधी काळी येत होतं का, तेही आठवत नाही. बघून सांगते."

घरी आल्यावर तिनं टिपणं उघडली नाहीत. एक कोरा कागद घेतला आणि आम्ल, पीएच, लॉग यांविषयी जे आठवेल ते न बघता लिहीत गेली. अडली तिथं रेघ मारली. मग पुस्तक काढून ताडून पाहिलं, आणि ती चकित झाली. रसायनशास्त्र बरंचसं शिल्लक होतं. पार पुसलं गेलं होतं ते गणित: लॉग, घातांक, एकक बदलणं. त्यामुळे प्रत्येक उदाहरण तिसऱ्या पायरीवर कोसळत होतं. पिवळ्या पेनखाली हे झाकलं गेलं होतं. वाचताना ओळखीचं वाटतं, त्यालाच ती ‘येतं’ असं समजत होती.

तिनं अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं. रोज पुस्तक मिटून थोडी उदाहरणं सोडवायची, आणि जी चुकली ती दोन दिवसांनी पुन्हा. पहिला आठवडा नकोसा झाला. दुसऱ्या आठवड्यात लॉगचे नियम असे भराभर येऊ लागले की तिलाच नवल वाटलं. एकदा शिकलेलं परत शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नव्हता. आनंद रात्रपाळीहून येऊन चहा घेताना विचारायचा, "आज काय सापडलं?" आणि ती सांगायची. त्याला निम्मं कळायचं नाही, तरी तो पुढचा प्रश्न विचारायचा.

दुसऱ्या चाचणीत तिला एकोणीस गुण मिळाले. दीपालीला चोवीस. नाव काढायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पेपर वाटून झाल्यावर नम्रतानं हात वर केला. पहिल्या बाकावरून, सगळ्या वर्गासमोर.

"मॅडम, पीएच दहा का, ते कळलं. त्याच्या खाली ईडीटीए मॅग्नेशियमला नीट धरत नाही आणि रंगही साफ बदलत नाही. पण मग बाराला का नको?"

हेमा मॅडमनी खडू खाली ठेवला. "बाराला काय होईल, असं तुम्हाला वाटतं?"

"मॅग्नेशियम तळाशी बसेल?" नम्रता म्हणाली. "नक्की नाही. करून बघायचं का?"

"संपतराव," मॅडमनी दारातून हाक मारली, "पीएच वाढवायला सोडियम हायड्रॉक्साइड आहे का हो शिल्लक?"

"आहे," आतून आवाज आला. "आणि स्टूल पण ठेवलंय."