नऊ महिने म्हणजे नऊ नव्हे

आठवीच्या व्याजाच्या आठ गणितांपैकी रुपलची पाच चुकली होती. प्राजक्ता मॅडमनी लाल पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. पोरीचे गुणाकार स्वच्छ होते, सूत्रही बरोबर होतं. मग उत्तरं अशी वाकडी का?

त्या एकेक पायरी बोटाने वाचू लागल्या. सहा हजार मुद्दल, आठ टक्के दर, मुदत नऊ महिने. रुपलने मुदतीच्या जागी सरळ नऊ लिहिले होते. म्हणून सरळव्याज आलं चार हजार तीनशे वीस. पुढे आठ हजार, दहा टक्के, दोन वर्षं, चक्रवाढ, आकारणी सहामाही. दर तिने पाच केला होता, पण मुदत दोनच ठेवली होती. पाचही ठिकाणी दुखणं तेच, मुदतीचं.

मॅडमनी फुली मारली नाही. मुदतीभोवती फक्त गोल केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी रुपलला बोलावलं. आगर गावच्या कोळीवाड्यातली पोर, गणिताचं नाव काढलं की मान खाली.

वहीतल्या चक्रवाढीच्या गणितावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "याचंच सरळव्याज काढ बघू. आठ हजार, दहा टक्के, दोन वर्षं."

"सोळाशे, मॅडम."

"आणि तुझं चक्रवाढ?"

"आठशे वीस..." रुपल थबकली. "मॅडम, व्याजावर व्याज धरूनही कमी कसं येईल?"

"तूच सांग ना."

रुपलने पेन्सिल दाताखाली धरली. बोटांवर मोजलं आणि एकदम म्हणाली, "सहा महिन्यांनी एकदा, म्हणजे दोन वर्षांत चार वेळा! मी दर अर्धा केला, वेळा दुप्पट केल्याच नाहीत!"

तिथेच बसून तिने नवं उत्तर काढलं. व्याज सतराशे चोवीस रुपये पाच पैसे. नऊ महिन्यांचं तर चुटकीसरशी. नऊ भागिले बारा, व्याज तीनशे साठ.

"आणखी द्या ना, मॅडम," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

पुढच्या सोमवारच्या चाचणीत मॅडमनी मुद्दाम वर्गात न शिकवलेलं एक गणित घातलं. सोळा हजार, वीस टक्के, नऊ महिने, आकारणी तिमाही. वर्गातला हुशार मनिषसुद्धा तिथे अडला. दराचे चार भाग त्याने केले, पण मुदत लिहिली पाऊण.

मॅडमनी रुपलचा पेपर हाती घेतला. दर पाच. वेळा तीन. रास अठरा हजार पाचशे बावीस. शेजारी तिने बारीक अक्षरात सरळव्याजही काढून ठेवलं होतं, चोवीसशे. खाली लिहिलं होतं, 'चक्रवाढ २५२२, सरळपेक्षा जास्त, म्हणून पटतं.'

"अख्ख्या वर्गात एकटीचं बरोबर," मॅडमनी निकाल सांगितला. "रुपल, फळ्यावर ये. मनिषला समजावून सांग."

रुपल उठली. खडू घेतला, आणि मान ताठ ठेवून खणखणीत आवाजात विचारलं, "नऊ महिन्यांत तिमाह्या किती रे, मनिष?"