सूर्य उजवीकडे

मेखलाच्या खोलीत साडीची झोळी टांगलेली होती. झोळीत तिची आठ महिन्यांची मुलगी निजलेली, आणि टेबलावरच्या संगणकात कोदैअक्काच्या भरतनाट्यमच्या चित्रणाचं संपादन अडकलेलं. साडेतीन झाले होते. महोत्सवाचा अर्ज सहाला बंद व्हायचा. वयाची अट पस्तिशीची, आणि अक्का पुढच्या महिन्यात पस्तीस ओलांडणार होती. म्हणजे हीच शेवटची खेप.

अर्जातल्या अटी मेखलाला पाठ होत्या. डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर सतत दिसावं. चित्रात फेरफार नको. आणि घोळ नेमका तिथंच. शेवटच्या जतीत, बोलांवरच्या पदन्यासात, ऐन उजव्या बाजूच्या आठ मात्रांना, समोरच्या कॅमेरावाल्यानं अक्काचा चेहरा जवळ आणला होता. "फार गोड दिसत होत्या," म्हणे! खाली बोल कडकडत होते, आणि पायांचा पत्ता नाही.

बाजूच्या कॅमेऱ्यात पाय होते. पण मागं विंगेत लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर मेखलाचीच पिशवी, तोंड उघडं, लंगोट बाहेर लोंबणारे. एवढ्या वर्षांच्या तपाच्या पाठीमागं ते? तिनं ते चित्र उघडून चार वेळा बंद केलं होतं.

मग सुचलं. तीच हालचाल अक्का लगेच डाव्या बाजूनं करते. ती आडवी उलटवली की उजवी! वादक एका बाजूला बसलेले, ते कडेनं कापून टाकले. चित्राच्या दोन चौकटी मागं सरकवल्यावर घुंगरू झांजेशी चपखल बसलं. दर मिनिटाला मेखला झोळीकडं बघत होती, मग घड्याळाकडं.

चारला दोघं आले. चोक्कलिंग वाद्यार, अक्काचे सत्तरीचे गुरू, काठी हातातच. मागून अक्का, घामेजलेली.

"कॉफी नको," वाद्यार बसता बसता म्हणाले, "आधी पाय."

मेखलानं चित्र सुरू केलं. ते डोळे मिटून काठीनं टेबलावर ताल धरायचे, मग एकदम डोळे उघडायचे. एका ठिकाणी काठी थांबली.

"इथं का कापलंस?"

"कोन बदलायला."

"पाय हवेत आहे, अम्मा. तू कापलंस. आता तो उतरणार कुठं, तुझ्या डोक्यावर?"

अक्का हसली. मेखलानं कट सहा चौकटी पुढं नेला, तळवा जमिनीवर आपटला तिथं. काठी पुन्हा चालू झाली.

शेवटची जती आली. मेखला पडद्याऐवजी काठीकडं बघत राहिली. आठ मात्रा गेल्या. काठी चुकली नाही.

"पाय बरोबर," वाद्यार म्हणाले.

तिला हायसं वाटतंय तोच अक्का पुढं वाकली. "जरा मागं घे. आणखी. थांब." तिचा हात आपोआप स्वतःच्या भांगाकडं गेला, उजवीकडं. "माझा सूर्य कुठं गेला?"

पडद्यावरच्या अक्काच्या भांगाच्या उजव्या अंगाला, सूर्याच्या दागिन्याच्या जागी, चंद्रकोर होती. सूर्य डावीकडं.

"आणि पदर बघ," वाद्यार शांतपणे म्हणाले, "उजव्या खांद्यावर. ही कोण आणलीस?"

मेखलाचा चेहरा उतरला. दिवसभर तिनं फक्त पायच पाहिले होते. "मी उलटवलं, अक्का. पाय मिळत नव्हते. सांगणार होते..."

"कधी? नापास झाल्यावर?" अक्काचा आवाज चढला. झोळी हलली. मुलगी कुरकुरली, आणि अक्कानंच न बघता झोळीला झोका दिला. "वेळ कुठाय आता? राहू दे की मग तसंच. कोण बघतंय आठ मात्रा?"

"तू बघितलंस," वाद्यार म्हणाले.

पाच वाजायला आले होते.

"बाजूचा कॅमेरा आहे," मेखला शेवटी म्हणाली. "अख्ख्या तुम्ही दिसता. पण..."

"पण काय?"

तिनं दाखवलं. खुर्ची, पिशवी, लंगोट. अक्का डोळे बारीक करून बघत राहिली.

"टाच दिसते?" वाद्यारांनी विचारलं.

"दिसते."

"अर्धमंडी?"

"वाकलेल्या गुडघ्यांसकट, अख्खी बैठक."

"मग लाव. लंगोट नाचत नाहीये."

मेखलानं समेवर कट घेतला, तळवा टेकला त्याच क्षणी. आठ मात्रा तिरक्या कोनातून, आणि शेवटच्या 'तै'ला अक्का बसली की परत समोर. वाद्यारांनी आवाज बंद करून एकदा पाहिलं, काठी तरी चालूच.

पाच बेचाळीसला फाईल चढू लागली. एकसष्ट टक्के. मुलगी आता जागी होऊन मेखलाच्या मांडीवर होती, आणि माऊसची तार चोखत होती. अक्का टेबलाला टेकून उभीच.

"विचारलं त्यांनी, कुणाची पिशवी, तर?"

"तर सांगा, संपादिकेची."

अठ्ठ्याहत्तर. कुणी कॉफीचं नाव काढेना. खाली, टेबलाखाली, अक्काचा उजवा पाय आठ मात्रा मोजत होता, मग पुन्हा पहिल्यापासून.