चावीकाकूंचं बघणं

चावीकाकू माझ्या दारात आल्या तेव्हा घरात माझा मुलांचा वर्ग चालू होता. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यावरूनच हातातला कागद माझ्यासमोर धरला.

"हे तुमच्या भाचीनं काढलंय ना?"

कागदावर एक म्हातारी होती. पांढरे केस, गोल चष्मा, खाली नाव 'कुलूपआजी'. वाचनालयातल्या भिंतीवर भाचीच्या येऊ घातलेल्या पुस्तकाची काही पानं लावली होती, त्यातलं हे एक. कुलूपआजी दिवसा लोकांना चाव्या करून देते, प्रत्येकीची एक जास्तीची करून ठेवते आणि रात्री घरात शिरून मुलांची खेळणी पळवते. चित्र माझ्या भाचीचं. गोष्टही तिचीच.

"कालपासून एक गिऱ्हाईक नाही," चावीकाकू म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरची बाई हसत हसत विचारते, 'आमची जास्तीची कुठे ठेवलीत?' हसत हसत! आणि किल्ली पुढच्या चौकातून करून आणते. माझा धंदा कशावर चालतो, तुम्हाला सांगायला हवं का?"

नको होतं. लोक चावीवालीच्या हातात किल्ली नाही, घर देतात.

भाची आतल्या खोलीत रंग कालवत होती. ब्रश हातात तसाच धरून बाहेर आली.

"काकू, ती तुम्ही नाही हो! तुमचा फोटो फक्त समोर ठेवला होता. केस पांढरे केले, वय वाढवलं, चष्मा घातला, नावही बदललं. कुठे तुम्ही आणि कुठे ती!"

"माझा फोटो? कधी काढलास?"

भाची ब्रशकडे बघत म्हणाली, "रस्त्यावरून. उजेड छान पडला होता."

मी सहसा आवाज चढवत नाही. मुलांना शिकवायचं तर आवाज खाली ठेवावा लागतो, नाहीतर ती आवाज ऐकतात आणि शब्द सोडून देतात. पण त्या क्षणी तो चढलाच असता. मी काकूंच्या हातातून तो कागद घेतला, म्हातारीच्या चेहऱ्यावर वही आडवी ठेवली आणि वर्गाकडे वळले.

"ही कोण? चेहरा झाकलाय. सांगा."

"चावीकाकू!" सगळे एकदम ओरडले. एकाला तर मी प्रश्न विचारते याचंच हसू आलं.

"कशावरून?"

"त्या अशा फुंकर मारतात!" एका मुलीनं ओठांजवळ पेन्सिल धरून दाखवलं. "किल्ली घासून झाली की."

"अर्धं बोट आहे ना, म्हणून."

"लाल स्टूल! त्याचा एक पाय विटेवर."

"आणि आजी, त्या खरंच रात्री येतात का?" सगळ्यांत धाकट्यानं विचारलं. दारातल्या चावीकाकूंकडे त्यानं पाहिलं आणि पटकन शेजारणीला चिकटला.

चावीकाकू वळल्या आणि जिना उतरून गेल्या. चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मुलांना घरी पाठवलं आणि मग मात्र माझा तोल सुटला.

"काय बदललंस तू? केस! केस कोण बघतं? फुंकर तिची, बोट तिचं, स्टूल तिचं, धंदा तिचा. यातली एखादी गोष्ट हजार जणींकडे असेल. सगळ्या मिळून एकीकडेच आहेत. आणि इतकं सगळं खरं ठेवून मध्ये एकच खोटं घुसवलंस, ते नेमकं चोरीचं. बाकीचं खरं दिसतंय म्हटल्यावर तेही खरंच वाटणार ना लोकांना? त्या पोरानं कसं पाहिलं तिच्याकडे, बघितलंस?"

"मावशी, मग कलाकारानं माणसांकडे बघायचंच नाही का?" तिचेही डोळे पेटले होते. "सगळं डोक्यातून काढायचं? गुळगुळीत बाहुल्या?"

"बघ की! पोटभर बघ. पण काय घेतलंस ते तुला ठाऊक हवं. फोटो आण."

तिनं आणला. खरंच सुंदर होता. मी तो तिच्यासमोर जरा वेळ धरला आणि टेबलाच्या खणात पालथा टाकून खण बंद केला.

"आता न बघता सांग. फोटो काढावासा का वाटला? एकच गोष्ट सांग."

ती रागानं खिडकीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "त्या किल्लीकडे बघतात ना, तसं. जणू किल्ली काहीतरी लपवतेय आणि आता तिला कबूल करावंच लागणार."

"हे बघणं ठेव. बाकी सगळं काकूंना परत कर. धंदासुद्धा. आता असं कोण बघेल? कशाकडे? कशासाठी? आणि फोटोकडे पुन्हा जायचं नाही."

तिचं पहिलं चित्र शिंप्याचं निघालं. कात्री तशीच फुंकत होता. मी फाडायला लावलं. दुसऱ्यात घड्याळं दुरुस्त करणारी बाई होती आणि स्टूल हळूच परत आलं होतं. "हात आपोआप जातो गं," ती वैतागून म्हणाली. जातोच. म्हणून तर खण बंद ठेवायचा. मी तिला चित्र बाजूला ठेवायला लावलं आणि आधी माणूस बोलता करायला सांगितलं. त्याला काय हवंय? तो कशाला घाबरतो? फोटोत याची उत्तरं नसतात. ती स्वतःच द्यावी लागतात, आणि तिथूनच माणूस फोटोपासून दूर चालायला लागतो.

शेवटी एक उंच, वाकलेला बाबा आला. स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंची खोली सांभाळणारा. प्रत्येक हातमोज्याकडे, छत्रीकडे तो असा बघतो, की त्या वस्तूनं आपला मालक सांगूनच टाकावा. अंदाज नेहमी चुकतो, छत्र्या भलत्याच घरी जातात. आणि त्याला भीती एकच, की कधीतरी सगळ्या वस्तू परत जातील आणि खोलीत तो एकटा उरेल. हे बोलताना भाची पहिल्यांदा हसली. हा तिचा होता.

पुढच्या वर्गात मी चित्र दाखवलं. "हा कोण?"

"आमचे खेळाचे सर!" "छे, माझे आजोबा." "कोणीच नाही. पण मला हा हवा." धाकटा म्हणाला, "माझी टोपी याच्याकडेच असेल."

इतकी वेगवेगळी उत्तरं आली तेव्हा मी श्वास सोडला.

वाचनालयातलं पान भाचीनं आधीच भिंतीवरून उतरवलं होतं. नवं चित्र घेऊन आम्ही दोघी खाली, जिन्याजवळच्या चावीकाकूंच्या टपरीवर गेलो. त्यांनी चित्र उजेडात धरलं. खूप वेळ.

"हा मी नाही," त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "पण हे बघणं माझं आहे."

भाचीचा चेहरा उतरला. "काढून टाकू?"

"राहू दे. माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. फोटो मात्र पुसून टाक, आत्ता, माझ्यासमोर." भाचीनं फोनमधून पुसला. "छापलेला असेल तोही दे." मी पिशवीतून काढून दिला.

"सॉरी, काकू."

"तुझं सॉरी घेऊन मी काय करू? किल्लीला लावू?" त्यांनी लाल स्टूल पायानं पुढे ढकललं. "इथे बस. येईल त्याला तुझ्या तोंडानं सांग, 'काकूंचा फोटो न विचारता काढला आणि चोरी माझ्या डोक्यातून आली.'"

"पण मग ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल, की ती तुम्ही होता."

"कुणाला ठाऊक नाही ते दाखव मला!"

भाची बसली. लोक जात होते, थांबत नव्हते. बऱ्याच वेळानं वरच्या मजल्यावरची ती हसणारी बाई जिन्यावरून उतरली. भाची उठून उभी राहिली आणि अडखळत सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

बाई हसली नाही. पर्समध्ये हात घालून तिनं किल्ली काढली आणि ती मुठीत धरून तशीच उभी राहिली.

चावीकाकूंनी हात पुढे केला नाही. त्या मुठीकडे बघत होत्या. अगदी तसंच.

"हिची एकच करा," बाई शेवटी म्हणाली आणि मूठ उघडली.