सातवा थ्रेड

सभ्य माणसांच्या जगात काही नियम दगडावर कोरून ठेवण्याच्या लायकीचे असतात, आणि त्यांतला सर्वांत थोर नियम प्लोवदिवच्या एका तीन खोल्यांच्या कचेरीत जन्मला: जो थ्रेड उघडतो, तोच बंद करतो. दगड हाताशी नव्हता, म्हणून राडोयने तो छापून कॉफीच्या यंत्रावर चिकटवला. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं, 'आणि दूध संपवतो, तोच आणतो.' हा दुसरा नियम राडोयने आयुष्यात पाळला नाही.

राडोय त्या कचेरीतला सर्वांत जुना प्रोग्रामर. डायलिसिसच्या रुग्णांना घरून नेणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक चालवणारा प्रोग्राम त्याच्या देखरेखीखाली होता. कुणीही त्यात बदल केला की राडोय तो ओळ न ओळ वाचायचा आणि शंका येईल तिथे शेरा मारायचा. शेरा, त्यावरचं उत्तर, उत्तरावरचं उत्तर, हा सगळा एक थ्रेड. एकही थ्रेड उघडा असला की मर्जचं, म्हणजे बदल चालू प्रोग्राममध्ये मिसळायचं, बटण राखाडी, बदल बाहेरच्या बाहेर.

थ्रेड बंद करायचं बटण बदल करणाऱ्यालाही दिसतं. गेल्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या प्रोग्रामरने, देनित्साने, ते एकदा दाबलं होतं. तेव्हा राडोय सगळ्यांसमोर म्हणाला होता, "परीक्षेला बसलेल्यानेच पेपर तपासायचा का, बाईसाहेब?" देनित्साने पुन्हा कधी दाबलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जाणार होती. जुना प्रोग्राम ते विसरून गाड्या तासभर आधी धाडेल, हे देनित्साच्या लक्षात आलं आणि तिने दुरुस्ती केली. राडोयने सात शेरे मारले. चार चुका तिने सुधारल्या आणि कुठल्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या कुठल्या नोंदीत, सुधारल्या ते प्रत्येकाखाली लिहिलं; त्याने बघून बंद केल्या. एका शंकेवर तिने कारण समजावलं, त्याला पटलं, बंद. सहावं काम मोठं निघालं. तिने त्याची वेगळी नोंद केली, दुवा दिला, तेही बंद. अगदी नमुनेदार.

सातवा शेरा असा होता: 'या फंक्शनचं नाव फार लांब. विचार कर.' अडवायचं आहे की नुसतं सुचवायचं आहे, ते लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी देनित्साचं उत्तर आलं: 'लहान केलं तर वेळ उन्हाळी की हिवाळी ते कळणार नाही, म्हणून ठेवते. पटलं तर बंद करा.'

राडोयला पटलं. त्याने पडद्याकडे बघत मान आडवी हलवली, म्हणजे त्यांच्याकडचा होकार दिला, लॅपटॉप मिटला आणि गावाकडे निघाला. शनिवारी गावच्या कढईवर राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, गाळायची त्याची पाळी होती. ती पाळी चुकली तर पुढल्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

देनित्साने त्याला अकरा वेळा फोन केला. फोन गाडीत होता, राडोय कढईपाशी. शेवटी ती साहेबांकडे, ओग्न्यानकडे गेली.

"मी बंद करू का? नावाचाच तर प्रश्न आहे."

"कॉफीच्या यंत्रावर काय लिहिलंय, वाचलंस ना? मग तू बंद करायचा आणि मी त्याचं भाषण ऐकायचं! सोमवारी येईलच तो."

सोमवारी गाड्या सातऐवजी सहाला दारात आल्या, दहा मिनिटं थांबल्या, निघून गेल्या. बाबा स्तांका ('बाबा' म्हणजे त्यांच्याकडची आजी) नावाची एक्याऐंशी वर्षांची म्हातारी सातला खाली उतरली आणि पिशवी छातीशी धरून फाटकात दीड तास उभी राहिली. तिचं डायलिसिस दुपारी झालं.

राडोय नऊला हसतमुख आला, हातात राकियाची बाटली.

"बाय राडोय," देनित्सा म्हणाली. वडीलधाऱ्यांना लावायचा तो 'बाय' आज जरा कोरडाच होता. "सातवा थ्रेड."

"तो? अगं, तो तर मी शुक्रवारीच मान्य केला!"

"कुठे?"

राडोयने सातवा थ्रेड पडद्यावर आणला. मान हलवल्याची नोंद कुठेच नव्हती. ओग्न्यानने बाबा स्तांकाची हकीकत सांगितली, तेव्हा त्याने बाटली टेबलाखाली सरकवली.

त्याने सातवा थ्रेड बंद केला. चाचण्या पुन्हा चालायला वीस मिनिटं लागणार होती. त्या वीस मिनिटांत तो खाली मान घालून लिहीत बसला. त्याच ओळीवर, त्याच लांब नावाच्या बाजूला, नवा शेरा: चूक माझी आहे. मत होतं, ते आडकाठीसारखं मांडलं. पटल्यावर बंद केलं नाही. गेल्या वर्षी तुला बोललो, तेही चुकलं; तेव्हा बोललो नसतो तर परवा तू बटण दाबलं असतंस. फाटकात उभ्या त्या म्हातारीची माफी कुठे मागायची, ते मला माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

त्याने ते पाठवलं आणि डोळे पुसले. एवढं खरं त्याने बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं.

चाचण्या हिरव्या झाल्या. मर्जचं बटण राखाडीच.

देनित्साने मजकूर दोनदा वाचला. मग खुर्ची वळवून हळूच म्हणाली, "बाय राडोय, माफी पोचली. खरंच पोचली. आता तेवढा आठवा थ्रेड बंद करता का?"