एक्केचाळीस नावं

शंकररावांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि त्यांनी घ्यायची चौतीस नावं अजून बाकी होती.

बुवापाड्यातल्या घरी त्यांची मुलगी अस्मिता कॉम्प्युटरसमोर बसली की ते पान आधी उघडायची. परदेशातल्या, लोकांकडून वर्गणी जमवायच्या एका साइटवर तिने मे महिन्यात ते टाकलं होतं. काडेपेटीच्या कारखान्यातून रिटायर झालेले शाहीर शंकरराव, चाळीस वर्षांचे जलसे, आणि आठ गाण्यांची सीडी सहा डिसेंबरच्या आत काढायची इच्छा. साइटचा नियम साधा होता. पंचेचाळीस दिवसांत ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तर पैसे मिळणार, एक डॉलर जरी कमी पडला तरी काहीच नाही. त्यासाठी अमेरिकेतलं खातं लागायचं, म्हणून न्यू जर्सीतल्या आतेभावाच्या, राजेंद्रच्या नावावर पान उघडलं होतं.

पैसे देणाऱ्यांना काय द्यायचं, हे अस्मितानेच लिहून काढलं. पाच डॉलरला आभाराचं पत्र. पंधराला सीडी. पंचवीसला सीडी आणि एक खास कडवं, पैसे देणारा सांगेल त्या माणसाचं नाव गुंफून शंकररावांच्या आवाजात. जलशात हेच तर चालायचं. समोरून कुणी दोन रुपये, पाच रुपये पुढे केले की शंकरराव गाणं थांबवून त्याचं नाव घ्यायचे, त्याच सुरात, आणि मागून त्यांची बायको द्रौपदी आणि बाकीचा कोरस ते उचलायचा: 'त्यांचं नाव घेऊ, त्यांचं नाव घेऊ.'

फॉर्ममध्ये तिथे एक चौकोन होता. हे जास्तीत जास्त किती जणांना देणार? अस्मिता वीस लिहायला निघाली होती.

"नावं मोजून घेतात काय गं?" शंकरराव म्हणाले होते. "देणारा उठला की त्याचं नाव घ्यायचं. एकविसाव्याला काय सांगू, तू बस खाली?"

तिने चौकोन रिकामा ठेवला. रक्कम पुरी झाली ती याच कडव्याच्या जोरावर. एक्केचाळीस जणांनी तेच निवडलं. आठ गाणी झाली, सात नावं झाली, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच शंकरराव गेले.

अस्मिताने पानावर चार ओळींत कळवलं. खाली सांत्वनाची रांग लागली. जय भीम ताई. घाई नको. तुम्ही सावरा. एकानेही 'कडवं राहू दे' म्हटलं नव्हतं, आणि तिला ते विचारताही येत नव्हतं.

"हे बघ," राजेंद्र फोनवर म्हणाला, "पान माझ्या नावावर आहे. ऑफिसमधल्या दोघांनी पैसे दिलेत, रोज कॅन्टीनमध्ये भेटतात. सगळ्यांना एकेक जास्तीची सीडी पाठव आणि मोकळी हो."

"कडवं कबूल केलंय, दादा."

"मामा गेला, अस्मिता. त्याला कोण काय करणार?"

"आपण लिहून दिलंय."

"मग तूच सांग काय करायचं ते," राजेंद्र म्हणाला, आणि तेच तर तिला सांगता येत नव्हतं.

नोव्हेंबरात लीड्सहून कुमुदिनीचं पत्र आलं. तिने कडवं मागितलं होतं ते आईच्या नावाचं, सगुणाबाईंचं. नाशिकला असताना शंकररावांचे जलसे तिने ऐकलेले. आता अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी महिन्याचा भरवसा दिला नव्हता. 'माझं नाव शंकरराव घेणार आहेत, असं ती नर्सना सांगते. तिला ते गेल्याचं मी बोलले नाही. तिचं कडवं त्या सातांत आहे का?'

नव्हतं.

अस्मिता उल्हासनगरला गेली. कॅम्प तीनमध्ये साड्यांच्या गोदामावर लछूभाईंचा स्टुडिओ होता. रेकॉर्डिंग तिथेच झालं होतं. पत्र ऐकून लछूभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"देख बेटा, तुझ्या पप्पांच्या कॅसेटी किती आहेत घरी?"

"ट्रंकभर."

"चाळीस साल आदमी नाव घेत आला. त्यात सगुणाबाई नसेल? आण इकडे. काटून जोडून देतो. त्यांचाच आवाज, त्यांचंच गाणं. झूठ काय त्यात?"

चार दिवस अस्मिता कॉलेजच्या ग्रंथालयातलं काम आटोपून स्टुडिओत बसली. कानात वडील गात होते, खोकत होते, तबलजीला झापत होते. पाचव्या दिवशी सापडली. 'सगुणाबाईंनी दिले रुपये दोन...' लछूभाईंनी नाव कापलं, सूर अर्ध्या पट्टीने खाली ओढला, झालेल्या सातांतल्या एका कडव्यात बसवलं. जोड कुठे आहे ते अस्मितालाही कळेना.

घरी तिने ते द्रौपदीला ऐकवलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. द्रौपदीने मेथी निवडायची थांबवून ऐकलं.

"ही वांगणीची सगुणाबाई," ती म्हणाली. "भाजी विकायची. जलसा कुठंही असो, पुढं येऊन बसायची. दोन रुपये दिले त्या दिवशी तिला पायी जावं लागलं. तुझे बाबा म्हणाले, आज पोटातून नाव घेतलं बघ." मग मेथीकडे बघत तिने विचारलं, "पण गाणं दुसरंच कसं वाजतंय?"

अस्मिताने सांगितलं. द्रौपदी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तिचं तिला राहू दे. बाकी तुझी तू शहाणी आहेस."

तीन दिवस फाइल तशीच पडून राहिली. पाठवावी तर भाजीवालीचे दोन रुपये आपण उचलले असं वाटे. न पाठवावी तर लीड्सची म्हातारी डोळ्यांसमोर येई. शेवटी अस्मिताने पानावर खरं ते लिहिलं. सात कडवी झाली आहेत, चौतीस होणार नाहीत. ज्यांना पैसे परत हवेत त्यांचे माझ्या पगारातून, महिन्याला चार जणांचे, परत करीन. ज्यांना चालेल त्यांच्यासाठी तेच कडवं मी आणि आई गाऊ. मी गाणारी नाही, हे आधीच सांगते. कुमुदिनीला तिने वेगळं लिहिलं, आणि त्यात कापलेल्या नावाचीही गोष्ट लिहिली.

नऊ जणांनी पैसे मागितले. एकाने लिहिलं, 'मी शाहिरांच्या आवाजाचे पैसे दिले होते, तुमच्या नाही.' त्यावर रागवायला जागा नव्हती.

कुमुदिनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं.

'तुम्ही पाठवून दिलं असतं तर आईला कुणी सांगणार नव्हतं. मलाही कळलं नसतं. आता मला कळलंय, त्यामुळे मागूही शकत नाही. तुमचा खरेपणा तुमच्यापाशी राहिला, माझ्या हातात काही नाही. गा. लवकर गा.'

अस्मिताने ते दोनदा वाचलं. बाई चुकीचं काहीच बोलली नव्हती. तिने लछूभाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी माइकसमोर उभ्या राहिल्या. द्रौपदी सवयीने दोन पावलं मागे सरकली. जन्मभर तिने गाण्याची दुसरी ओळच गायली होती. पहिली ओळ आता अस्मिताची होती. तिने सगुणाबाईंचं नाव घेतलं, हजेरी घेतल्यासारखं, आणि सूर मध्येच फाटला.

"लेव्हल कम है, बेटा," काचेपलीकडून लछूभाई म्हणाले. "फिर से."

दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा ती कशीबशी ओळीच्या शेवटाला पोचली आणि पाठीमागून द्रौपदीने उचललं, 'त्यांचं नाव घेऊ'. आवाज एकटा होता, पण सुरात होता.

"चलेगा?" अस्मिताने विचारलं.

लछूभाईंनी हेडफोन उतरवला. "जाने दो," ते म्हणाले. "हेच पाठव."

तिने तिथूनच फाइल लीड्सला पाठवली. मग यादी पुढे ओढली. अजून चोवीस नावं होती. द्रौपदीने पाण्याचा घोट घेतला आणि परत मागे जाऊन उभी राहिली.