वर चढवलेला पाइप

निशिगंधाने पेणच्या दुकानात आपलं नाव फळ्यावर शोधलं, तर ते पुसलेलं होतं. गेली दोन वर्षं रोहा आणि धाटावकडची डिशवॉशर बसवण्याची कामं तिच्याच नावासमोर लिहिली जायची. आज तिथे गुणाजीकाकांचं नाव होतं.

दुकानाचे मालक दत्तात्रेय तसे कमी बोलणारे. त्यांनी फोन पुढे केला. त्यावर एक फोटो होता: सिंकखालच्या कपाटाचा तळ, आणि त्यावर लोळत पडलेला मशीनचा ड्रेन पाइप. रोह्याच्या मृणाली नावाच्या बाईंच्या घरचं ते मशीन निशिगंधानेच बसवलेलं होतं. आता मशीन न चालवताही आत काळं पाणी साचतं, धुतलेल्या ताटांना वास येतो, अशी तक्रार होती. गुणाजी काल बघून आले आणि म्हणाले, पोरीने पाइप वर चढवलाच नाही, तसाच जमिनीवरून नेलाय.

सहा वर्षांपूर्वी आयटीआयमधून बाहेर पडल्यावर निशिगंधाला हाताखाली घ्यायला कुणी तयार नव्हतं. गुणाजीकाकांनी घेतलं. कपाटात डोकं घालून, गुडघ्यावर बसून त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की मशीनमधून निघालेला पाइप आधी ओट्याच्या खाली जेवढा उंच जाईल तेवढा न्यायचा, तिथे क्लिपने बांधायचा, आणि मग खाली उतरवून सिंकच्या ट्रॅपला, म्हणजे सिंकखालच्या वळणदार नळीला जोडायचा. ही वरची कमान नसेल तर सिंकमधलं खरकटं पाणी उतारावरून सरळ मशीनमध्ये जातं. हे न करता निघून जाणं तिला शक्यच नव्हतं. पण काका खोटं बोलतील, हेही तिला शक्य वाटत नव्हतं. म्हणून चूक आपलीच झाली असेल, असं ती रोह्याला पोचेपर्यंत स्वतःला समजावत राहिली.

मृणालीताई शाळेत शिकवायच्या. दार उघडून त्या बाजूला झाल्या, पण मागच्या वेळेसारखं बस म्हणाल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई सगुणाबाई जेवणाच्या टेबलावर टबात पाणी घेऊन ताटं पुन्हा हाताने घासत होत्या. निशिगंधा गुपचूप कपाटासमोर बसली आणि टॉर्च लावली.

फोटोतल्यासारखाच पाइप तळाशी लोळत होता. तिने टॉर्च वर नेली. ओट्याच्या दगडाला लागून, कपाटाच्या बाजूच्या फळीवर, फोटोच्या चौकटीच्या वीतभर वर, तिने स्वतः ठोकलेली क्लिप अजून होती. अर्धीच. स्क्रू जागेवर, आणि पाइप धरून ठेवणारं तोंड मोडून गेलेलं. मोडलेली कड पांढरी, ताजी होती.

"ताई, मी बसवून गेल्यावर इथे कुणी हात लावला होता?" तिने विचारलं.

मृणालीताईंना आठवायला वेळ लागला नाही. पावसाळ्यात नळाला गाळ आला होता तेव्हा मशीन पाणीच घेईना. दुकानाने गुणाजींना पाठवलं. त्यांनी मशीन पुढे ओढलं, आत पाणी आणणारा पाइप सोडवला, त्याच्या तोंडाची बारीक जाळी धुतली, वायसर घालून पुन्हा आवळला आणि मशीन आत ढकललं. त्यानंतर आठवड्यातच वास सुरू झाला.

निशिगंधाला सगळं दिसलं. मशीन ओढताना ड्रेन पाइप ताणला गेला, क्लिप मोडली, पाइप खाली पडला. इतकं कुणाच्याही हातून होतं. घाईत काकांनी पाहिलं नसेल, असंही तिने मानलं असतं. पण काल ते पुन्हा आले होते. काल त्यांनी याच कपाटात डोकं घातलं, मोडकी क्लिप पाहिली, आणि फोन खाली धरून फोटो काढला.

तिने आवाज शांत ठेवला आणि दोघींना जवळ बोलावलं. मशीनचं दार उघडून तळातलं घाण पाणी स्पंजने टिपून घेतलं. मग सिंकला बूच लावून काठोकाठ पाणी भरलं, त्यात मूठभर हळद कालवली आणि बूच काढलं. सिंकचा निचरा मुळातच मंद होता. पाणी ट्रॅपशी तुंबलं, पाइपात शिरलं, आणि थोड्याच वेळात मशीनच्या तळाशी पिवळं पाणी दिसू लागलं. परत येणारं पाणी अडवायला मशीनमध्ये झडप असते, पण तिच्यात शिताचा कण अडकला की ती पुरती मिटत नाही, हेही तिने सांगितलं. सगुणाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

मग तिने तळ पुन्हा पुसला, झडप साफ केली, मोडकी क्लिप काढून नवी ठोकली, पाइप दगडापर्यंत चढवून बांधला, ट्रॅपजवळचा क्लॅम्प आवळला. पुन्हा सिंक भरलं, पुन्हा हळद. या वेळी मशीनचा तळ कोरडा राहिला. मृणालीताईंनी दोन्ही वेळा व्हिडिओ काढला होता. मोडक्या क्लिपचाही फोटो घेतला, आणि जाताना त्या म्हणाल्या की दुकानात मी स्वतः बोलते.

निशिगंधा पेणला थांबली नाही. तशीच जिते गावी गुणाजीकाकांच्या घरी गेली. गिरजाकाकूंनी नेहमीप्रमाणे तिला आत बोलावलं, चहा ठेवला. काका पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तिने मोडकी क्लिप त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

"तुम्ही बघितली होती ना काका?"

गुडघा चोळतच ते म्हणाले, "व्हय. बघितली."

"मग फोटो तसा का काढलात?"

"दत्ताभाऊ रोह्याकडं बसवायला नि दुरुस्तीला आता एकच माणूस ठेवणार हाय. तू तरणी हायस गो, तुला दुसरीकडं काम मिळंल. माझे गुडघे बघ. माझ्या हातून क्लिप मोडली नि मी तसाच उठलो, असं कळलं असतं तर मला कोण ठेवणार होता?"

ते बोलताना तिच्याकडे पाहत नव्हते, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. पाइप निसटला याचा राग तिला नव्हताच. मागितलं असतं तर रोह्याची कामं तिने त्यांना आपणहून दिली असती, आणि हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मागितलं नाही; तिच्याच कामावर बोट ठेवलं, जे काम त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"आत्ता दत्ताभाऊंना फोन करा आणि सांगा," ती म्हणाली.

"नाय जमायचं माझ्यानं."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. निशिगंधा उठली. काकूंच्या हातातला कप घेऊन तिने तो उभ्यानेच संपवला, कारण काकूंवर तिचा राग नव्हता, आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी मृणालीताईंचे व्हिडिओ दुकानात पोचले. दत्तात्रेयांनी फळ्यावर तिचं नाव परत लिहिलं. गुणाजींना त्यांनी काढलं नाही, दुकानातच सुटे भाग देण्याच्या कामावर बसवलं. गुडघ्यांना तेच बरं होतं. निशिगंधा क्लिपा, क्लॅम्प घ्यायला गेली की ते काउंटरवर मोजून ठेवायचे आणि ती उचलायची. काका ही हाक मात्र तिच्या तोंडून पुन्हा निघाली नाही.

महिन्याभराने धाटावला एका नव्या बिल्डिंगमध्ये ती मशीन बसवत होती. घरातली बाई शेजारी उभी राहून बघत होती. पाइप वर चढवून, क्लिप ठोकून, निशिगंधाने तो दोनदा ओढून पाहिला, मग तिसऱ्यांदा.

"छान हात आहे तुमचा," बाई म्हणाली. "कुणाकडे शिकलात?"

निशिगंधाने टॉर्च बंद केली.

"पेणला," ती म्हणाली, आणि पाण्याचा कॉक उघडून जोडणी गळते का ते बघू लागली.